डबे चार, जीवनसत्त्व तेच

ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सकाळी वाटीभर फोर्टिफाइड सीरिअल, दिवसातून दोन कप दूध (त्यातही अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं), प्रत्येक कपात एक माप पोषक पावडर, दुपारी मल्टिव्हिटॅमिनच्या दोन गमी आणि रात्री ड जीवनसत्त्वाचे थेंब 1 मिली, हे त्याचं रोजचं ठरलेलं. मीठही आयोडीनयुक्त. तरी दोन महिन्यांपासून त्याची भूक गेलीय, ओठ फुटतात, त्वचा कोरडी पडलीय, चिडचिड वाढलीय, शौचाला कडक होतं. सासूबाई म्हणतात, त्याला काहीतरी कमी पडतंय, अजून एखादं टॉनिक सुरू कर. सगळ्या डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवते. थेंबांची बाटली मागच्या महिन्यात बदलली, म्हणून जुन्या-नव्या दोन्ही बाटल्यांचे फोटो घातलेत. त्याला कोणतं टॉनिक देऊ?
– एक आई

टॉनिक कोणतंच नको. उलट, आजपासून गमी आणि पावडर या दोन गोष्टी बंद करा. थेंबांबद्दल शेवटी सांगते, तिथे मला एक गोष्ट दिसली आहे आणि ती नीट समजावून सांगायला हवी.

तुम्ही फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी नेहमी सांगते की, तोंडी सांगू नका, सगळे डबे पिशवीत घालून घेऊन या. कारण तोंडी सांगताना प्रत्येक गोष्टीचं नाव वेगळं असतं. एक नाश्ता, एक दूध, एक पावडर, एक गोळी. मागची बाजू शेजारी शेजारी ठेवली की नावं गळून पडतात आणि तेच जीवनसत्त्व चार वेळा समोर येतं. तुमच्याकडे ते अ जीवनसत्त्व आहे, म्हणून आधी त्याचीच बेरीज करू.

सीरिअलच्या डब्यावर 30 ग्रॅमला 200 मायक्रोग्रॅम लिहिलंय. पण वाटी भरून घेतलं तर ते 30 ग्रॅम क्वचितच असतं. मी 45 धरते. तुम्ही उद्या रिकामी वाटी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि रोजच्यासारखी भरा, म्हणजे खरा आकडा कळेल. 45 ग्रॅमचे होतात 300 मायक्रोग्रॅम. दुधात 100 मिलीला 60 आहे. 200 मिलीचे दोन कप म्हणजे 240. पावडरचा तक्ता वाचताना जरा जपून. त्यात दोन रकाने आहेत, एक नुसत्या पावडरचा आणि एक दुधात मिसळल्यावरचा. दूध आपण आधीच मोजलं, त्यामुळे पहिला रकाना घ्यायचा. एका मापाला 120, दोन मापांचे 240. राहिल्या गमी. त्यांच्यावर मायक्रोग्रॅम नाहीतच, दोन गमींना 1000 आययू असं छापलंय. रेटिनॉल प्रकारच्या अ जीवनसत्त्वाचा 1 आययू म्हणजे 0.3 मायक्रोग्रॅम, म्हणजे गमींचे झाले 300.

सगळे मिळून 1080 मायक्रोग्रॅम. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज साधारण 300 ची. अमेरिकी तज्ज्ञांनी एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ठरवलेली कमाल मर्यादा 600 आहे आणि युरोपातली 800. (चौथा वाढदिवस होईपर्यंत तो याच गटात मोडतो.) म्हणजे गरजेच्या साडेतीनपट आणि दोन्हींपैकी कोणतीही मर्यादा घेतली तरी तिच्या वर. यात त्याच्या जेवणातल्या अंडी-लोण्यासारख्या गोष्टी मी अजून धरलेल्याच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक डब्यावर टक्के लिहिलेले असतात, मी ते वाचते, मग कळलं कसं नाही? यात तुमचं काही चुकलेलं नाही. सीरिअलच्या डब्यावर अ जीवनसत्त्वासमोर 22 टक्के लिहिलंय. ते टक्के मोठ्या माणसाच्या 900 मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने काढलेले आहेत. तुमच्या मुलाच्या 300 च्या हिशेबाने तेच 200 मायक्रोग्रॅम म्हणजे 67 टक्के होतात आणि भरलेल्या वाटीचे तर पूर्ण 100. सकाळच्या नाश्त्यातच त्याचा दिवसाचा कोटा संपला. डबा चित्रांनी मुलांचा केलेला असला, तरी मागचे टक्के बऱ्याचदा मोठ्यांचेच असतात. म्हणून टक्क्यांकडे बघूच नका, मायक्रोग्रॅम बघा. आणि जिथे आययू आहेत तिथे आधी मायक्रोग्रॅम करून घ्या, कारण 1000 आणि 300 हे आकडे शेजारी लिहिलेले असले की मन त्यांची बेरीज करायलाच तयार होत नाही.

आणखी एक गोष्ट डब्यावर दिसत नाही. अ जीवनसत्त्व उजेडाने आणि हवेने हळूहळू मोडतं. डबा कितीतरी महिने टिकायला हवा, म्हणून बनवणारे सुरुवातीला छापलेल्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच घालतात, म्हणजे मुदत संपतानाही छापलेलं प्रमाण भरेल. त्यामुळे ताज्या डब्यात छापील आकड्यापेक्षा जास्त असू शकतं. आपली 1080 ची बेरीज म्हणूनच खालच्या बाजूची समजा.

हे सगळं मी अ जीवनसत्त्वाबद्दलच का सांगतेय, क बद्दल का नाही? क जीवनसत्त्व जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे निघून जातं. अ चरबीत विरघळतं आणि यकृतात साठतं. आज जास्त झालेलं उद्या निघून जात नाही, उद्याचं त्यावर येऊन बसतं. मात्र गाजर, रताळं, पालेभाज्यांमधल्या बीटा-कॅरोटीनची भीती बाळगू नका. शरीर त्यातून गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं. फार खाल्लं तर त्वचेला पिवळसर झाक येते, एवढंच. मर्यादा आहे ती तयार रेटिनॉलची. डब्यावर ते रेटिनिल पामिटेट किंवा रेटिनिल ॲसिटेट या नावानं लिहिलेलं असतं आणि तुमच्या चारही फोटोंत यांपैकी एक नाव आहे. घरात कुणी कॉड लिव्हर तेल देत असेल तर तेही विचारून घ्या. त्याच्या एका लहान चमच्यातच साधारण 1350 मायक्रोग्रॅम अ असतं आणि ड वेगळं.

आता त्याच्या तक्रारींकडे येते. या बाबतीत मी प्रामाणिकपणे सांगते, त्याला अ जीवनसत्त्वाची बाधा झाली आहे असं मी पत्र वाचून म्हणणार नाही. कमाल मर्यादा ही धोक्याच्या बरीच अलीकडे आखलेली असते आणि मुलांना विषबाधा होते ती सहसा याहून खूप मोठी मात्रा बरेच दिवस गेल्यावर. दिवसातून दोनदा गोडसर पावडरचं दूध पोटात गेलं की साडेतीन वर्षांच्या मुलाला जेवण नकोसं होणं अगदी साहजिक आहे. पोट कडक होण्यामागेही दूध जास्त आणि भाजी-फळ कमी, एवढंच कारण असू शकतं.

पण मला काळजी वाटते ती पुढच्या पावलाची. अ जीवनसत्त्व जास्त झाल्याची सुरुवातीची लक्षणं कोणती, तर भूक मंदावणं, त्वचा कोरडी होणं, ओठ फुटणं, केस गळणं, चिडचिड. ड जास्त होऊन रक्तातलं कॅल्शियम वाढलं तर भूक जाते, पोट कडक होतं, तहान वाढते. ही यादी कुणालाही वाचून दाखवा, तो म्हणेल पोर अशक्त झालंय, त्याला काहीतरी द्या. सासूबाईंनी तेच म्हटलं आणि ते मायेपोटी म्हटलं. जास्तीची तक्रार हुबेहूब कमतरतेसारखी दिसते आणि म्हणून तिच्यावर पुन्हा टॉनिकच दिलं जातं. त्यांना बेरजेचा कागद दाखवा. माझा अनुभव आहे की आकडे समोर मांडले की घरातली मोठी माणसं सगळ्यात आधी ऐकतात.

हे असं घडू शकतं याचा एक मोठा धडा जगाला मिळालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये बाळांना मुडदूस होऊ नये म्हणून सरकारी दूधभुकटीत ड घातलं जाई, बाळांच्या सीरिअलमध्ये घातलं जाई आणि वर कॉड लिव्हर तेल दिलं जाई. प्रत्येक गोष्ट एकेकटी योग्य होती. पण जे बाळ तिन्ही घेई त्याच्या पोटात दिवसाला 4000 आययूपर्यंत ड जाऊ शके. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले डॉक्टर उलट्या करणारी, पोट कडक झालेली, वजन न वाढणारी बाळं पाहू लागले आणि त्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं. 1957 मध्ये तिन्ही गोष्टींतलं ड कमी करण्यात आलं. पुढे 2011 मध्ये असं कळलं की, असा आजार होणाऱ्या काही मुलांमध्ये ड जीवनसत्त्व मोडून टाकणारा जनुक बिघडलेला असतो. म्हणजे त्याच घरात, तेच दूध पिणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला काहीच होत नाही आणि दुसरं आजारी पडतं. शेजारचा मुलगा इतकंच घेऊन ठणठणीत आहे, हा युक्तिवाद म्हणून मला पटत नाही.

मिठाचं मात्र तुम्ही मनातून काढून टाका. आयोडीनयुक्त मीठ तसंच चालू ठेवा. मीठ माणूस चवीपुरतंच खातो, त्यामुळे त्यातून जाणाऱ्या आयोडीनला आपोआपच आळा बसतो. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसभरात दोन-तीन ग्रॅम मीठ गेलं तरी आयोडीन त्याच्या 90 मायक्रोग्रॅमच्या गरजेच्या आसपास किंवा खालीच राहतं, वरची मर्यादा 200 आहे. गमींमध्येही आयोडीन होतं, त्या बंद झाल्या की तोही प्रश्न उरत नाही. मिठावर लोह आणि आयोडीन असं दोन्ही लिहिलेलं असेल आणि कधी डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं, तर फक्त तेवढं त्यांच्या कानावर घाला.

गमी आणि पावडर काढली की अ जीवनसत्त्वाचे 540 कमी होतात आणि तेवढेच 540 उरतात. वाटीत 30 ग्रॅमच सीरिअल घातलंत तर 440. गरजेपेक्षा हे अजूनही जास्तच आहे, पण मर्यादेच्या आत आहे आणि साठलेलं शरीर हळूहळू वापरेल. दोन्ही गोष्टी एकदम बंद केल्यानं काही बिघडत नाही, हळूहळू कमी करायची गरज नाही. पावडर गेली की तो पहिले काही दिवस साधं दूध नाकारेल. नाकारू द्या. त्या जागी त्याला भूक लागली तर आपलं काम झालं. आणि गमीला घरात खाऊ म्हणू नका, उंच कपाटात कुलपात ठेवा. ते गोड लागतं म्हणून मुलं स्वतःच्या हाताने घेतात, आणि मग आपली बेरीज कागदावरच राहते.

आता थेंब. ड जीवनसत्त्वाची बेरीज करायला मी बसले तेव्हा तुमच्या शेवटच्या दोन फोटोंपाशी थांबले. जुन्या बाटलीवर छापलंय 1 मिलीत 400 आययू. नव्या बाटलीवर आहे 1 मिलीत 800. दोन्हींचा रंग पिवळसर, दोन्हींना काचेचा ड्रॉपर, आणि तुम्ही दोन्हींतून 1 मिलीच देताय. गेला महिनाभर त्याला रात्री दुप्पट मात्रा जातेय. एकही थेंब जास्तीचा घातला नाही, तरी.

घाबरू नका. हिशेब करून पाहू. ड चे 40 आययू म्हणजे 1 मायक्रोग्रॅम. थेंबांचे 800, गमींचे 400, दोन कप दुधाचे 160, पावडरचे 200 आणि भरलेल्या वाटीचे 120, असे एकूण 1680 आययू. या वयाची कमाल मर्यादा 2500 आहे, तेव्हा तो आत आहे. पण गरज फक्त 600 ची. गमी आणि पावडर गेली, वाटी 45 ग्रॅमचीच राहिली आणि थेंब पुन्हा 400 वर आले, तर बेरीज 680 होते. अगदी हवी तेवढी. थेंब बदलले नाहीत तर मात्र 1080 राहते.

ही चूक एकट्या तुमची नाही. 2010 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाळांच्या ड च्या थेंबांबद्दल खास इशारा दिला होता. काही ड्रॉपर 400 आययूपेक्षा कितीतरी जास्त औषध ओढू शकत होते आणि आई-वडील ड्रॉपर भरूनच देत होते. बाजारात 1 मिलीत 400 असलेली बाटली असते, 1 मिलीत 800 असलेली असते आणि एका थेंबातच 400 असलेलीही असते. त्या शेवटच्या बाटलीतून कुणी सवयीने 1 मिली दिलं, तर काय होईल याचा विचार करा. एका मिलीत वीस-तीस थेंब सहज बसतात. म्हणून कधीही मिली लक्षात ठेवू नका, आययू लक्षात ठेवा. डॉक्टरांना विचारायचं तेही किती मिली असं नव्हे, किती आययू असं विचारा, आणि तो आकडा बाटलीवर पेनाने लिहून ठेवा.

तेव्हा उद्या तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन गोष्टी विचारा. त्यांनी मुळात किती आययू सांगितले होते आणि आता तो दूध पितोय तर थेंब अजून हवेत का. पाळण्यातल्या बाळासाठी लिहून दिलेले थेंब पुढे कुणी थांबवायला सांगितलं नाही म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतात, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय. दाखवायला नेताना आपण केलेली ही बेरीज कागदावर लिहून न्या. तक्रारी लांबल्या तर ते रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगतील. अ साठी रक्ताची तपासणी फारशी उपयोगी पडत नाही, कारण यकृतात साठा कितीही वाढला तरी रक्तातली पातळी बराच काळ तशीच राहते. तिथे तुमचा कागदच कामाला येतो. सारख्या उलट्या, डोकेदुखी, हाडं दुखतात म्हणून पाय टाकायला नकार, खूप तहान आणि वारंवार लघवी, यातलं काहीही दिसलं तर मात्र फोनची वाट पाहू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

डॉक्टरांनी 400 च चालू ठेवायला सांगितले तर नव्या बाटलीतून अर्धा मिली द्यायचा. तुमच्या फोटोतल्या ड्रॉपरवर 1 ची एकच रेघ आहे, अर्ध्याची नाही. अंदाजाने निम्मा भरू नका. औषधांच्या दुकानात 1 मिलीची तोंडाने औषध देण्याची बिनसुईची सिरिंज मिळते, तिच्यावर 0.5 ची रेघ स्पष्ट असते. ती आणा आणि बाटलीतला ड्रॉपर टाकून द्या, म्हणजे रात्री घाईत कुणाच्याही हाती तो लागणार नाही.